डब्यातला दहीभात दुपारपर्यंत आंबतो: आपापले अनुभव लिहावेत

धागा सुरू करणारी, सिडको

माझे यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत आणि मार्च उजाडला की डब्यात दहीभातच मागतात. मी सकाळी साडेसहाला डबा भरते, तो साडेबाराला उघडला जातो, आणि गेल्या आठवड्यात तीनदा भात इतका आंबट झाला की तो तसाच परत आला. मला कोडे पडले आहे ते असे, की त्याच भांड्यातले उरलेले दही फ्रिजमध्ये संध्याकाळपर्यंत गोड राहते. कुकरमधला भात दहा मिनिटे ताटात पसरायचा, मग दोन डाव दही, मीठ आणि जिरे-मिरचीची फोडणी, एवढेच मी करते. ज्यांचा दहीभात दुपारी गोड राहतो त्यांनी आपली पद्धत सविस्तर लिहावी.

पंचवटी

दोष मिठाचा आहे. माझ्या आईने सकाळी दहीभातात मीठ कधीच घालू दिले नाही. मीही मुलीच्या डब्यात मिठाची पुडी वेगळी देते आणि तिचा भात आंबत नाही. दही मात्र मी एकच चमचा घालते, बाकी सगळे दूध.

नाशिक रोड

माझी अडचण दह्याचीच आहे. आपल्याकडे थंडीत दही लागतच नाही. शेवटी मी कोमट दुधाला विरजण लावून झाकलेले पातेले शालीत गुंडाळते, तेव्हा कुठे सकाळपर्यंत ते घट्ट होते. याहून सोपा उपाय आहे का?

दूध डेअरीतून निवृत्त, सातपूर

नाशिक रोडच्या ताईंनी विचारले वेगळेच, पण मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांच्या शालीत आहे. दह्यातले जिवाणू साधारण 40 ते 45 अंशांच्या उबेत सर्वांत जोमाने आंबट तयार करतात आणि फ्रिजच्या गारव्यात जवळजवळ थांबतात. दहा मिनिटे पसरलेला भात वरून गार लागतो, पण ढिगाच्या मधोमध बोट घातले तर तो कोमटच असतो. त्यात दही कालवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की आपण दह्याला पुन्हा ऊब दिली, आणि जेवणापर्यंतचे सहा तास त्याला पुरेसे होतात.

आमच्या घरी एक वाटी शिजलेला भात गरम असतानाच डावाने मऊ घोटतात, कारण गार झाल्यावर शिते ताठ होतात. मग तो परातीत पातळ थापून पंख्याखाली अर्धा तास ठेवतात आणि मधला भात मनगटाला गार लागल्याशिवाय दह्याला हात लावत नाहीत. नंतर तापवून फ्रिजमध्ये गार केलेले पाऊण वाटी दूध आणि दोन चमचे अदमुरे दही घालतात. मिश्रण खिरीसारखे सैल दिसले तरी घाबरू नये, भात दूध पितो. दुपारपर्यंत त्या दुधाचे हलके दही होते, म्हणून चव ताजी लागते. फोडणीही गार करूनच घालावी.

पंचवटीच्या ताईंचा भात गोड राहतो तो पुडीमुळे नव्हे, तर त्या दह्याऐवजी दूध घालतात म्हणून, असे माझे मत आहे. चवीपुरत्या मिठाने आंबणे वाढत नाही. मेमध्ये डबा दुचाकीच्या डिकीत तापत राहिला, तर मात्र यातले काहीच टिकणार नाही.

गंगापूर रोड

मी चांगला दुहेरी भिंतीचा डबा आणला आणि भात पूर्वीपेक्षा जास्त आंबला! आता कारण कळले. मी कोमट भात भरत होते आणि डबा तीच ऊब धरून ठेवत होता. गार भात भरला तर तोच डबा उपयोगी पडावा.

परिचारिका, इंदिरानगर

गार भात हवा म्हणून कोणी रात्री ओट्यावर राहिलेला भात वापरू नये. शिजवल्यानंतरही भातात टिकून राहणारे काही जिवाणू असतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते विष तयार करतात, त्याला वास किंवा आंबटपणा असेलच असे नाही, आणि पुन्हा गरम करूनही ते जात नाही. आमच्याच घरी अशा भाताने दोघांना रात्रभर उलट्या झाल्या. रात्रीचा भात वापरायचा असेल, तर तो जेवण झाल्याबरोबर फ्रिजमध्ये गेलेला असावा.

सिडको, पुन्हा

काल मी एकाच भाताचे आणि एकाच दह्याचे दोन डबे भरले. एक नेहमीच्या घाईने, दुसरा सातपूरच्या काकांच्या पद्धतीने. दोन्ही घरीच ओट्यावर ठेवून साडेबाराला उघडले. पहिल्यात कडेला पिवळसर निवळी सुटली होती आणि झाकणालाच आंबट वास येत होता. दुसरा पांढराशुभ्र, आळून आलेला आणि गोड होता, मीठ सकाळीच घालूनही. पंचवटीच्या ताईंनी दूध तेवढेच ठेवून एकदा मीठ सकाळी घालून पाहावे आणि इथे कळवावे.

पंचवटी

पाहते. पण आईची पुडी मी सोडणार नाही.