अनुभव धागा: भाकड महिने, वर्षअखेरची झुंबड आणि आपलं कॅलेंडर

ओळीमधली

मी भाषांतर आणि मुद्रितशोधनाची कामं करते, स्वतंत्रपणे. दर वर्षी शेवटच्या दोन महिन्यांत श्वास घ्यायला फुरसत नसते आणि नवं वर्ष लागलं की इनबॉक्स ओस पडतो. इतरांशी बोलल्यावर कळलं की असं बहुतेकांचंच होतं, फक्त महिने वेगळे. "सीझनच तसा असतो" म्हणून आपण सोडून देतो. पण तो खरोखर सीझन असतो की आपणच ओढवून घेतलेला असतो, हे जुन्या नोंदींवरून कुणी तपासलंय का? तपासलं असेल तर कसं, आणि त्यानंतर कामाची आखणी कशी बदलली? सविस्तर लिहा. "बचत करा" एवढाच सल्ला नको, तो सगळ्यांना ठाऊक आहे.

भटका कॅमेरा

सोपं आहे. तीन वर्षांची बिलं काढायची, महिन्यानुसार लावायची, प्रत्येक महिन्याची सरासरी काढायची. वर्षभराच्या सरासरीच्या खाली जाणारे महिने भाकड, वरचे गर्दीचे. मी कॅटलॉगसाठी वस्तूंचे फोटो काढतो. माझ्याकडे मे महिना सगळ्यात भारी निघाला, म्हणून एप्रिलपासून मदतनीस ठरवून ठेवतो. गेल्या मे महिन्यात मात्र तो बिचारा नुसता बसून होता. असं एखाद्या वर्षी होणारच.

मंदीतला माणूस

मंदी तर सगळीकडेच आहे हो. कंपन्या खर्च कापताहेत, कॅलेंडर बघून काय होणार? माझ्याकडे दोन वर्षांत दर वाढलेला नाही.

ओळीमधली

ती मंदी वेगळी, दादा. मी एकाच वर्षातल्या चढउताराबद्दल विचारतेय. पण दराचा मुद्दा खरा आहे, त्यावर वेगळा धागा काढा.

चौकट

मी वार्षिक अहवाल, माहितीपत्रकं, प्रशिक्षणाच्या पुस्तिका यांची मांडणी करते. हा उद्योग मी केलाय, म्हणून जरा लांबण लावते.

भटका कॅमेरा, आधी तुमच्या मेबद्दल. तीनपैकी एकाच वर्षी मेमध्ये एखादं दांडगं काम आलं होतं का? तसं असेल तर सरासरी त्या एका कामाने वर उचलली जाते आणि महिना गर्दीचा असल्याचा भास होतो. रकमेऐवजी कामांची संख्या मोजा, आणि सगळ्यात मोठा क्लायंट वगळून तेच पुन्हा करून बघा. चित्र बदललं, तर तो हंगाम तुमच्या धंद्याचा नाही, त्या एका क्लायंटचा आहे.

दुसरं, बिलाची तारीख ही सगळ्यात उशिराची खूण. गिऱ्हाईक आलं कधी ते तिच्यावरून समजत नाही. माझ्या शीटमध्ये प्रत्येक कामाला चार तारखा आहेत: पहिली विचारणा, काम सुरू, बिल, पैसे जमा. आणि ज्या कामांना नाही म्हटलं किंवा ज्यांना उत्तरच गेलं नाही, त्यांच्याही ओळी आहेत. बिलं चाळून ही कामं कधीच दिसत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच असते.

विचारणा ते सुरुवात यांतलं अंतर दिवसांत काढून त्याचा मध्यक घेतला. सरासरी नको, कारण वर्षभर रेंगाळलेलं एखादं काम ती बिघडवतं. अंतराचा रकाना E असेल तर:

```
=MEDIAN(E2:E120)
```

माझं अंतर सुमारे सहा आठवडे निघालं. म्हणजे जानेवारीत काम का नाही, याचं उत्तर जानेवारीत शोधून उपयोग नाही. ते नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात शोधायचं. तिथे पाहिलं तर तीनपैकी दोन वर्षी विचारणा चांगल्या आलेल्या होत्या. एका वर्षी अकरा, त्यांतल्या जेमतेम तिघांना उत्तर गेलेलं, तेही आठवडा उलटून. कारण त्याच दिवसांत वर्षअखेरची कामं गळ्याशी आलेली. तो जानेवारी डिसेंबरनेच खाल्ला होता, त्यात सीझनचा काही संबंध नव्हता.

ऑगस्टचं उलट. सहा आठवडे मागे, जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या सुरुवातीला, तिन्ही वर्षी विचारणाच नगण्य. नकार दिलेलेही नाहीत. हा खरा भाकड महिना. आता मी त्याच्या मागे धावत नाही. सुट्टी, साचे नीट करणं, फाइलींची साफसफाई, सगळं तिथे ढकलते.

भटका कॅमेरा

मान्य. एका साखळी दुकानाचं काम होतं त्या वर्षी. ते वगळलं तर मे अगदीच बेताचा. पण माझी आणखी एक अडचण आहे. माझे क्लायंट सणांच्या विक्रीआधी फोटो मागतात आणि सण दर वर्षी तारीख बदलतो. एका वर्षी गर्दी सप्टेंबरात दिसते, दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात.

चौकट

मग महिने सोडा. विक्री सुरू होण्याच्या तारखेपासून उलटे आठवडे मोजा. विचारणा नऊ आठवडे आधी येते की पाच, हे दर वर्षी बऱ्यापैकी जुळेल.

शेवटचा इन्व्हॉइस

मी बारा वर्षं एका कंपनीत खरेदी विभागात होतो, आता प्रशिक्षणाचे व्हिडिओ करतो. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

वर्षअखेरची झुंबड का उडते? बऱ्याच ठिकाणी न वापरलेलं बजेट पुढच्या वर्षात नेता येत नाही, आणि कमी खर्च दिसला तर पुढच्या वर्षी कात्री लागते. म्हणून विभागप्रमुख शेवटच्या तिमाहीत उरलेल्या पैशाला काम शोधतात. पण "वर्षअखेर" प्रत्येकाची वेगळी. कुणाचं आर्थिक वर्ष डिसेंबरात संपतं, कुणाचं मार्चमध्ये, कुणाचं जूनमध्ये. आपल्या यादीतल्या प्रत्येक क्लायंटसमोर तो महिना लिहा. माझे निम्मे क्लायंट मार्चवाले निघाले, तेव्हा फेब्रुवारीतल्या धावपळीचा उलगडा झाला.

त्यातही वर्ष संपण्याची तारीख महत्त्वाची नाही. बऱ्याच ठिकाणी अकाउंट्सवाले त्याच्या दोन-तीन आठवडे आधीच नवी बिलं घेणं थांबवतात. काम वेळेत दिलं, पण बिल त्या तारखेनंतर गेलं तर ते पुढच्या वर्षाच्या बजेटात जाऊ शकतं, आणि तिथे बहुधा त्याची तरतूदच नसते. मग "बघतो, कळवतो" सुरू. म्हणून कोटेशन देतानाच दोन गोष्टी विचारा: बिल याच वर्षात लागणार का, आणि ते स्वीकारण्याची शेवटची तारीख कोणती?

चौकट

हा पहिला प्रश्न मी उचलला होता आणि त्यावरच डिसेंबरची आखणी उभी आहे. ज्यांना बिल याच वर्षात हवं, त्यांचं काम पुढे ढकलता येत नाही, त्यांना आधी जागा. ज्यांना नको, त्यांना "आता जमणार नाही" असं न लिहिता "९ जानेवारीला सुरू करते, चालेल का?" असं तारखेसकट लिहिते. सगळे हो म्हणत नाहीत, पण बरेच म्हणतात. त्यांचं काम निकडीचं नसतंच, त्यांना फक्त जागा पक्की हवी असते. ही उत्तरं द्यायला डिसेंबरातही दर दोन दिवसांनी सकाळचा अर्धा तास बाजूला ठेवते, कितीही रेटा असला तरी.

काही क्लायंट काम जानेवारीत आणि अर्धं बिल आगाऊ डिसेंबरात, यालाही तयार होतात. काहींचे अकाउंट्सवाले साफ नकार देतात. विचारून बघायचं.

आणि एक विचित्र गोष्ट. माझ्याकडे एकाच क्लायंटच्या दोन लाटा येतात. वर्ष संपण्याआधी बजेट संपवायच्या पुस्तिका, आणि वर्ष संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी वार्षिक अहवाल, कारण मध्ये हिशेब आणि ऑडिट व्हावं लागतं. मधल्या शांततेत त्या लोकांना फोन करण्यात अर्थ नाही, ते स्वतःच हिशेबात बुडालेले असतात.

नवखी

मी प्रबंधांचं संपादन करते. सुरू करून वर्षच झालंय, तेव्हा माझ्याकडे नमुना म्हणावा असं काहीच नाही. तरी वाटतं की दोन महिने फार शांत गेले. त्यावरून मी काय समजू?

शेवटचा इन्व्हॉइस

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. खरं तर तीन वर्षं म्हणजेसुद्धा तीनच जानेवारी, तोही काही मोठा पुरावा नाही. पण तुमचं काम तारखांना बांधलेलं आहे. बऱ्याच विद्यापीठांच्या प्रबंध सादर करायच्या तारखा आधी जाहीर होतात. त्या मांडा आणि तुमची आतापर्यंतची कामं त्यांच्या किती आठवडे आधी आली ते बघा. क्लायंटचं कॅलेंडर मिळत असेल तर स्वतःचं नसलं तरी चालतं.

पडद्यामागे

हे सगळं कामाबद्दल झालं. मला कामाच्या शांत महिन्यात चणचण भासतच नाही, ती नंतर येते. माझे क्लायंट पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतची बिलं जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जमा होत राहतात, म्हणून रिकाम्या जानेवारीत खातं भरलेलं आणि डोकं निवांत. मग मार्चमध्ये काम गळ्यापर्यंत, खातं मात्र कोरडं, कारण जानेवारीत बिलच केलेलं नसतं. पैशाची खळगी कामाच्या खळगीच्या दीड-दोन महिने मागून चालते. बाजूला टाकायची रक्कम मी आता मार्चसाठी मोजतो.

जाता जाता, झुंबडीच्या महिन्यांत दर वाढवतो. घाईचं काम आहे, पंचवीस टक्के जास्त.

चौकट

ते मला पटत नाही. वर्षअखेरचं काम घाईचं असेलच असं नाही, ते फक्त त्या महिन्यात आलेलं असतं. सप्टेंबरात सांगून ठेवलेल्या क्लायंटलाही जास्त दर लावणार का?

पडद्यामागे

त्याला नाही. पण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उगवणाऱ्याला नक्की.

शेवटचा इन्व्हॉइस

तो उगवणारा विभागप्रमुख पंचवीस टक्क्यांना का कू करणार नाही, त्याला पैसे संपवायचेच आहेत. पण तोच माणूस पुढच्या जूनमध्ये कोटेशन मागेल तेव्हा त्याला डिसेंबरचा आकडा आठवेल, आणि तो तुलना कशी करेल ते सांगता येत नाही. मी वेगवेगळं होताना पाहिलंय.

ओळीमधली

दरावर एकमत होणार नाही असं दिसतंय, राहू दे. मला चौकटताईंना विचारायचंय: नाकारलेल्या कामांची नोंद मी कधी ठेवलेलीच नाही. मागची तीन वर्षं परत कशी उभी करायची?

चौकट

मेलमध्ये, पाठवलेल्यांतून सुरुवात करा. आपण नकार देताना ठरावीक शब्द वापरतो, "सध्या शक्य नाही", "उपलब्ध नाही", "क्षमस्व". ते शोधा. मग आलेल्या मेलमध्ये "कोटेशन", "दर", "किती दिवस" शोधून, ज्यांना उत्तरच गेलं नाही ते वेगळे काढा. फोनवरच्या विचारणा गेल्या त्या गेल्याच, त्यांच्यामागे लागू नका. सगळं वर्षही चाळू नका. तुमचं अंतर किती ते आधी काढा आणि भाकड महिन्याच्या तितकेच आठवडे मागचा महिनाभराचा तुकडा तपासा. एका दुपारचं काम आहे.

ओळीमधली

भाषांतराला अंतर कमी निघेल असं वाटतंय, दोन-तीन आठवडे. म्हणजे मला डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा भाग बघावा लागेल. शनिवारी बसते, जे निघेल ते इथेच टाकते.