मदत हवी आहे: कांदा नक्की कोणत्या रंगावर थांबवायचा?

नवशिका_स्वयंपाकी: रश्श्यासाठी तीन मध्यम कांदे उभे पातळ चिरून चार मोठे चमचे तेलात मध्यम आचेवर परततो. दहा-बारा मिनिटं काहीच होत नाही, नुसता मऊ, काचेसारखा होतो. मग सोनेरी दिसायला लागतो आणि पुढच्या तीन-चार मिनिटांत पार तपकिरी. त्यावर सुके मसाले घालून एक मिनिट परततो, मग टोमॅटो. रस्सा दर वेळी शेवटी किंचित कडवट लागतो. खूप वाईट वाटतं, कारण बाकी सगळं नीट जमतं. रंग ओळखण्यात चुकतोय का?

साधी_फोडणी: कांदा जितका तपकिरी तितका गोड. तुमचा कमी परतला जात असेल, अजून पाच मिनिटं द्या.

जुनी_कढई: पाच मिनिटं देऊ नका, काळा होईल! गोडी वाढते हे खरं, पण एका टप्प्यापर्यंतच. काचेसारखा झाला की कच्चा उग्रपणा जातो, चव मात्र सौम्यच राहते. सोनेरी झाला की गोडी पुढे येते. बदामी-तपकिरी झाला की भाजल्याचा खमंगपणा येतो, रश्श्याला रंग चढतो. त्यापुढे कडा काळपट झाल्या की कडूपणा सुरू.
सुरुवातीला कांद्यात पाणी असतं, तोवर तो फार तापत नाही, म्हणून रंग हलत नाही. पाणी आटलं की भराभर चढतो. कानही द्या: पाणी असताना जोरात चरचरतं, ते मंदावलं की तिथून हलू नका.

घाईतली: मी कांदा घालताच मीठ टाकते, लवकर लाल होतो.

जुनी_कढई: मिठाने पाणी लवकर सुटतं, कांदा लवकर मऊ पडतो. लाल व्हायला मात्र ते पाणी आटावंच लागतं.

डोळे_चुरचुर: मला तर चिरतानाच इतकं पाणी येतं की रंग दिसतच नाही. सुरीला धार लावून बघा.

नवशिका_स्वयंपाकी: चिरणं ठीक आहे हो, प्रश्न परतण्याचा आहे. जुनी_कढई, मग थांबायचं कधी?

जुनी_कढई: हव्या रंगाच्या एक छटा आधी. कढई आणि तेल तापलेलं असतं, गॅस बंद केल्यावरही रंग चढत राहतो. तुमचं ते मसाल्याचं एक मिनिटही त्यातच धरा. दोन चमचे पाणी शिंपडलंत तर रंग तिथेच थांबतो. पिवळ्या दिव्याखाली कढईत बघू नका, एक काप पांढऱ्या ताटलीवर काढून बघा. सगळे काप सारख्या जाडीचे हवेत, नाहीतर जाड पांढरे असतानाच बारीक जळतात आणि सरासरी रंग सोनेरी भासतो.

नवशिका_स्वयंपाकी: आज ताटलीवर काढून पाहिला. कढईत सोनेरी वाटणारा कांदा ताटलीत चक्क तपकिरी होता! पाणी शिंपडून थांबवला, मग मसाले. कडवटपणा बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही.

साधी_फोडणी: मग मसालाच करपत असेल.

जुनी_कढई: असू शकतं. मसाला घालायच्या आधी दोन काप काढून गार करून चाखा. ते गोड लागले तर कांदा निर्दोष.