३६ किलोची आई आणि ओतून दिलेली अर्धी बाटली

कृष्णाकाठ (सांगली): आई ७४ वर्षांची, वजन ३६ किलो. मिरजेत खुब्याचं ऑपरेशन झालं. सिस्टरनी पॅरासिटामॉलच्या १०० मिलीच्या बाटलीतलं जवळपास निम्मं औषध आधीच काढून ओतून दिलं आणि उरलेलं लावलं. बिल मात्र पूर्ण बाटलीचं! चार तासांनी कण्हायला लागली तर म्हणे, "अजून वेळ झाली नाही." ही लूट की हलगर्जीपणा?

आयसीयू सिस्टर (मिरज): दोन्ही नाही, आणि हे वाचून राग आला म्हणूनच एवढं लिहितेय. बाटलीत १ ग्रॅम असतं आणि ते ५० किलोच्या वरच्या माणसासाठी. त्याखाली किलोला १५ मिलिग्रॅम. आईंचे ५४० होतात, म्हणजे ५४ मिली. जादाचे ४६ मिली लावण्याआधीच काढायचे असतात. पूर्ण बाटली टांगून "५४ ला बंद करू" म्हणायचं, तेवढ्यात शेजारच्या बेडला हाक येते आणि बाटली रिकामी होते. तुमच्या सिस्टरनी नेमकं तेच टाळलं.

तासगावचे काका: आमच्या दवाखान्यात सरसकट पूर्ण बाटली लावायचो, कुणाला काही झालं नाही. अंतर चार तासांचं, हे मलाही माहीत आहे. म्हणजे सिस्टर तिथे चुकल्याच.

आयसीयू सिस्टर (मिरज): काका, काही झालं नाही की दिसलं नाही? लिव्हरला मार बसला तर पहिल्या दिवशी पेशंट ठीकच दिसतो, फार तर मळमळ. एसजीपीटी वाढतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तोवर तो घरी गेलेला असतो. वाळलेल्या, नीट न जेवणाऱ्या म्हातारीला तर धोका जास्तच. आणि चार तास हे कमीत कमी अंतर आहे, दर चार तासांनी द्या असा त्याचा अर्थ नाही. दिवसाला किलोमागे ६०, म्हणजे आईंना २१६० मिलिग्रॅम. चार डोसांत कोटा संपला.

विट्याचा केमिस्ट: बिलाचं बोला की कुणीतरी. ४६ मिलीचे पैसे पेशंटनं का भरायचे? उरलेलं पुढच्या डोसाला ठेवलं तर काय बिघडतं?

आयसीयू सिस्टर (मिरज): केमिस्ट असून हे विचारताय? त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. उघडलेली बाटली ठेवत नाहीत.

विट्याचा केमिस्ट: मग लहान बाटली मागवा! वॉर्डात ३५-४० किलोच्या म्हाताऱ्या रोज येतात. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये छापील किंमत, बाहेरून आणलेलं चालत नाही. माझ्या दुकानात हीच बाटली स्वस्त मिळते, पण दारावरचा वॉचमन ती आत जाऊ देत नाही. यावर कुणी तोंड उघडणार आहे का?

कृष्णाकाठ (सांगली): अगदी! मलाही दारातच अडवलं होतं.

कराडची सून: बिलाचं नंतर. सासऱ्यांना थंडी-तापात हीच बाटली लावली आणि चक्र पूर्ण मोकळं सोडलं. पाचेक मिनिटांत संपली, बीपी एकदम खाली, अंग गार. या औषधाची ॲलर्जी असते, सगळ्यांनी सांभाळा.

आयसीयू सिस्टर (मिरज): ताई, ॲलर्जी होती की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, पण घाईनं सोडल्यावर बीपी पडतं हे खरं. १५ मिनिटं लागलीच पाहिजेत. मिलीला २० थेंबांच्या सेटवर आईंचे ५४ मिली मिनिटाला साधारण ७२ थेंबांनी जातात. काचेची बाटली असेल तर शेवटी समोर उभं राहायचं, नळीत हवा जाऊ द्यायची नाही.

भूलतज्ज्ञ (सातारा): सिस्टरांचं बहुतेक बरोबर आहे. पण ६० चा आकडा ब्रिटनचा. अमेरिकेच्या लेबलवर ५० किलोखालच्यांना दिवसाला किलोमागे ७५ पर्यंत मुभा आहे, आणि दर चार तासांनी द्यायचं असेल तर किलोला १२.५ चा डोस. सरसकट "कोटा संपला" म्हणू नये. कृष्णाकाठ, किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन किती होतं?

कृष्णाकाठ (सांगली): १.४. डॉक्टर म्हणाले, थोडंसंच वाढलंय.

भूलतज्ज्ञ (सातारा): ७४ वर्षांच्या, ३६ किलोच्या बाईत १.४ म्हणजे थोडंसं नव्हे. वय-वजन धरून किडनीचा क्लिअरन्स काढा, २० च्या आसपास येतो. ३० च्या खाली अंतर सहा तासांचं. सिस्टर थांबल्या ते योग्यच.

आयसीयू सिस्टर (मिरज): हे बरोबर. पण उपाशी म्हातारीला ७५ मी देणार नाही, लेबल कुठलंही असो.

तासगावचे काका: बरं, वजनाचं मान्य. पण दुखत असताना सहा तास नुसतं कण्हत ठेवायचं का?

भूलतज्ज्ञ (सातारा): नाही. मधल्या वेळेला दुसरं औषध किंवा नर्व्ह ब्लॉक. हे डॉक्टरांनी आधीच लिहायला हवं होतं, तिथे तक्रार रास्त आहे.

कृष्णाकाठ (सांगली): ठीक आहे, ओतलं ते ओतलं. बिलाचं मात्र मी सोडणार नाही. आणि एक, रात्री कण्हत होती म्हणून बहिणीनं पर्समधली डोलो ६५० दिली होती. ती पण यात धरायची?

आयसीयू सिस्टर (मिरज): धरायचीच! तेही पॅरासिटामॉलच, आणि ५४० च्या वर. किती वाजता दिली ते आत्ता वॉर्डात फोन करून सांगा, पुढची बाटली लागायच्या आत.