शुक्रजंतूंचा काउंट नॉर्मल असला म्हणजे बापाच्या वयाचा प्रश्न मिटतो का?

सह्यकडा: पुरुषाला वयाचं बंधन नसतं. माझ्या मामांना बावन्नाव्या वर्षी मुलगा झाला, आज ठणठणीत आहे. चाळिशीतल्या पुरुषांना घाबरवणं हा आयव्हीएफवाल्यांचा धंदा. काउंट नॉर्मल आला की विषय संपला.

लॅबवाली_मीनल: मी वीर्यतपासणीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून राहवलं नाही. आम्ही किती शुक्रजंतू आहेत, किती पळतात, आकार कसा आहे, एवढंच बघतो. एक मिलीलिटरमध्ये १ कोटी ६० लाखांच्या वर आले की रिपोर्टवर नॉर्मल लागतं. आतला डीएनए त्या भिंगाखाली दिसतच नाही, आणि वय तिथेही काम करत असतं. बाईची बीजं तिच्या जन्माआधीच तयार होतात. पुरुषाच्या शुक्रजंतू बनवणाऱ्या मूळपेशी मात्र वयात आल्यापासून वर्षाला साधारण २३ वेळा विभागतात, आणि दर वेळी डीएनएची अख्खी पोथी नव्याने उतरवली जाते. उतरवताना चुका राहतात. आइसलँडमधल्या कुटुंबांवरचा २०१२ चा अभ्यास बघा. वीस वर्षांच्या बापाकडून मुलात सुमारे २५ नवे बदल येतात, चाळीस वर्षांच्या बापाकडून सुमारे ६५. म्हणजे वर्षाला दोन. काउंट सहा कोटी असो की दोन कोटी, हा हिशोब त्याने बदलत नाही.

अभिजित_ठाणे: ६५!! मग चाळिशीनंतर मूल होऊच देऊ नये. डाउन सिंड्रोमही बापामुळेच होतो ना? उगाच बायकांना दोष देतात.

लॅबवाली_मीनल: बायकांना उगाच दोष देतात हे खरं, पण डाउनचं उदाहरण चुकीचं. तिथे मुख्यतः आईचं वय बोलतं. आणि ६५ ऐकून घाबरू नका. अक्षरं अब्जावधी आहेत, बहुतेक बदल निरुपद्रवी जागी पडतात. अडचण ठरावीक जागांची. एफजीएफआर३ जनुकातलं एक अक्षर बदललं की अकॉन्ड्रोप्लेझिया, म्हणजे हातपाय आखूड राहतात. आईबाप दोघेही सामान्य उंचीचे असतील तर तो बदल जवळजवळ नेहमी बापाकडून आलेला असतो, कारण तो झालेली मूळपेशी वृषणात शेजारणींपेक्षा जास्त वाढते. वयाबरोबर ती वसाहत मोठी होत जाते. आजार फार विरळ आहे, म्हणून वाढलेला धोकाही लहानच. पण पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत मांडीचं हाड बहुधा ठीक दिसतं, ते मागे पडलेलं नंतर कळतं. म्हणून बाप मोठ्या वयाचा असेल तर तिसऱ्या तिमाहीतही मोजमाप बघून घ्या.

सांगलीची_सून: हे सगळं आमच्या घरी कोण सांगणार? नवरा ४६ चा. माझी नळ्यांची तपासणी झाली, दुर्बीण झाली, पोट टोचून टोचून इंजेक्शनं झाली. त्याला साधा डबा भरून द्यायला सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, आमच्या मुलात काही खोट नाही. बाई, आधी त्याची तपासणी करायची ना?

लॅबवाली_मीनल: दोघांची एकदमच करायची, ताई. सर्वात स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी त्याचीच आहे. एक रिपोर्ट खराब आला तर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा करा, कारण नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो.

काळी_माती: तुम्ही शहरातले लोक बोलता छान. मी ३९ चा, परभणीकडचा, पाच एकर कोरडवाहू. मुलगी बघायला गेलो की पहिला प्रश्न, नोकरी आहे का? आमच्या गावात चाळिशीला टेकलेली पोरं मोजून दमाल. आता तुम्ही म्हणणार, तुमचं वीर्यही जुनं झालं. लग्न लवकर करायला आम्ही नाही म्हटलं होतं का?

अभिजित_ठाणे: विषय वेगळा आहे साहेब, इथे विज्ञान चाललंय.

काळी_माती: वेगळा कसा? बापाचं वय वाढतंय ते याच्यामुळेच. एसीत बसून ‘विज्ञान’ शिकवू नका.

सांगलीची_सून: दादा, मुलींचंही ऐका. शेतकऱ्याच्या घरी काम कोणाच्या अंगावर पडतं ते आम्हाला माहीत आहे.

काळी_माती: ते मान्य. पण पाऊस न पडणं हा माझा गुन्हा नाही.

लॅबवाली_मीनल: काळी_माती, ३९ ला दार बंद होत नाही. बायको तरुण असेल तर दिवस राहायला थोडा उशीर लागेल, एवढंच बहुधा. पंचेचाळिशीनंतर तो उशीर चांगलाच जाणवतो, गर्भपातही वाढतात. तंबाखू असेल तर आजच सोडा, वय हातात नाही पण ते आहे.

सह्यकडा: काउंटचं वाक्य मागे घेतो. धंद्याचं नाही. मित्राला पहिल्याच भेटीत शुक्रजंतूंतला डीएनए किती तुटलाय ते बघणारी, फ्रॅगमेंटेशनची महागडी टेस्ट आणि डबाभर गोळ्या दिल्या.

लॅबवाली_मीनल: तिथे मी तुमच्या बाजूने आहे. वारंवार गर्भपात होत असतील तर ती टेस्ट विचारात घ्यावी, सरसकट नाही. गोळ्यांनी त्या मूळपेशींतले बदल पुसले जात नाहीत. आणि मामांचं तेव्हाचं वय आज क्लिनिकला चाललं असतं, आयव्हीएफसारख्या उपचारांच्या २०२१ च्या कायद्यात पुरुषाला ५५ पर्यंत मुभा आहे.

काळी_माती: कायदा ५५ म्हणतो आणि मुलीचा बाप ३० ला नाही म्हणतो. यावर कोणी बोलणार का?