चकलीच्या भावात बायकांची मजुरी धरायची का?

अक्षता: आमचा बचत गट भाजणीची चकली करतो. दुकानात २८० रुपये किलोने जाते, त्यातले २० टक्के दुकानदार ठेवतो. सामानाचे पैसे वजा करून उरेल ते वाटून घेतो, पण हातात काही येतच नाही. भाव वाढवला तर कंपनीच्या पाकिटापुढे टिकेल का?

हिशोबनीस मीना: एका घाण्याचा हिशोब मांडून बघ ना. समजा भाजणी, तेल, गॅस, पाकिटं सगळं धरून १५५० लागले, चौघी सहा तास बसल्या आणि विकण्याजोगी साडेनऊ किलो निघाली. तुम्हाला किलोमागे २२४ मिळतात, म्हणजे २१२८. सामान जाऊन उरले ५७८, चोवीस तासांना भागलं की ताशी २४ रुपये. मजुरी 'उरलं तर' नाही, भाजणीसारखी आधी धरायची. ताशी ५० धरले तर किलो २९० ला पडते, त्याखाली विकूच नका.

राजू स्टोअर्सवाला: बरोबर, २९० वर आमचे २० टक्के लावा, ३४८, झालं काम.

हिशोबनीस मीना: दादा, तुम्ही २० टक्के छापील किमतीवर कापता, ३४८ चे जवळजवळ ७० तुमचे, गटाला राहिले २७८, म्हणजे परत बारा रुपये खिशातून. २९० ला ०.८ ने भागायचं, साधारण ३६२ येतात. पाव किलोचं पाकीट ९० ला.

राजू स्टोअर्सवाला: हो, ते मान्य. पण शेजारी ७० चं पाकीट लटकत असताना ९० चं कोण उचलणार? माल परत आला तर खवट होऊन तुमच्याच गळ्यात.

पापडवाल्या मावशी: आम्ही पापड नगावर लाटतो, जेवढे लाटले तेवढे पैसे, तुम्हीही किलोवर द्या की.

अक्षता: मावशी, तळणारी आणि सोऱ्यावरची वेगळ्या, किलो कुणाच्या नावावर लिहायचे? आणि एकीचा हात सावकाश चालतो म्हणून तिला कमी, हे गटात चालणार नाही.

सुलभा (फेडरेशन): मला वाटतं भावाआधी गळती बघा. चकली मोडून तर भरता येत नाही, म्हणून २५० च्या पाकिटात सर्रास २६०-२६५ जाते. साडेनऊ किलोत अडतीस पाकिटं व्हायला हवीत, पस्तीस-छत्तीसच निघत असतील तर तिथेच गेले पैसे. शेवटची चकली काढून वजनाला तुकडा टाका. आणि तेल नीट तापायच्या आत चकली सोडली की ती तेल पिते, हाताला तुपकट लागते. घाण्याआधी आणि नंतर तेल मोजलंत की लगेच कळेल.

हिशोबनीस मीना: हे सगळं करा, पण त्यातून वाचेल ते बायकांना द्या, भाव उतरवायला वापरू नका.

राजू स्टोअर्सवाला: थोडं तरी उतरवावं लागेल ताई. दीडशे ग्रॅमचं पाकीट ५० पर्यंत बसवून बघा, गिऱ्हाईक किलोचा भाव काढत बसत नाही.

अक्षता: पाकिटाचा खर्च वाढेल, पण पुढच्या घाण्याला थोडी तशी भरून बघतो. तासांची वहीही घालतेय.