मदत हवी आहे: इटालियन औषधाच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद, वाचणाऱ्या आजी ७८ वर्षांच्या

नमस्कार मंडळी. मिलानला मुलाकडे राहणाऱ्या आजींसाठी रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीचं माहितीपत्रक मराठीत करते आहे.

मात्रेत इटालियन स्वल्पविराम म्हणजे आपला दशांशबिंदू. '२,५ मिग्रॅ' तसंच ठेवलं तर कुणी २५ वाचेल, म्हणून 'अडीच मिलिग्रॅम' असं अक्षरी लिहिलं आहे. उलट दुष्परिणामांत '१.०००' म्हणजे पूर्ण एक हजार.

मनाई आणि सावधगिरी हे दोन थर मूळ मजकुरासारखेच वेगळे ठेवलेत. पूर्वी चेहरा, ओठ किंवा जीभ सुजून श्वास अडकला असेल, तर 'घेऊच नका'. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर 'आधी डॉक्टरांना सांगा'. हे एकत्र केले तर माणूस घाबरून गोळीच सोडतो.

अडलंय ते दुष्परिणामांपाशी. कोरडा खोकला 'कॉमूने' गटात येतो, म्हणजे १० पैकी जास्तीत जास्त एकाला. नुसतं 'सामान्य' लिहिलं तर 'खोकला होणारच, चालायचंच' असा अर्थ निघतो. फक्त आकडा द्यावा की 'काहींना होतो, १० पैकी फार तर एकाला' असं लिहावं? आणि चेहऱ्यावरची सूज क्वचित होत असली तरी तातडीची, म्हणून यादीत सर्वांत वर घेतली आहे. ज्येष्ठांसाठी असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.