उत्तर चुकलं, रीत बरोबर, गुण किती? उद्यापर्यंत हवंय

खडूची_धूळ:
रीतीला गुण द्यायचे असं ठरलंय. मी आणि माझी सहकारी एकाच प्रश्नाचे पेपर तपासतोय. एकाच उत्तराला मी 4 दिले, तिने 1. असं बऱ्याच पेपरांत झालंय. कोणाकडे तयार रुब्रिक असेल तर टाका. लवकर.

अर्धा_गुण:
यात अवघड काय आहे? पायऱ्या मोजा, प्रत्येक पायरीला अर्धा गुण. मी वर्षानुवर्षं असंच तपासतो, कोणाची तक्रार नाही.

लाल_शाई:
प्रश्न कोणता, किती गुणांचा, आणि 4 विरुद्ध 1 झालेल्या पोराने नेमकं लिहिलंय काय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

आठवीतली_आई:
माझ्या मुलाचंही हेच झालं. सगळं बरोबर होतं, शेवटी बेरीज चुकली तर 5 पैकी 0. पुनर्तपासणीसाठी अर्ज कसा करायचा, कोणी सांगेल का?

खडूची_धूळ:
ताई, मी तपासणारी आहे, तुमचा प्रश्न वेगळा आहे.
बरं, प्रश्न असा: 20 मीटर उंच गच्चीवरून चेंडू 15 मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळाने पडेल आणि आदळताना त्याचा वेग किती असेल? g = 10 घ्या. 6 गुण. उत्तर 4 सेकंद, 25 मीटर प्रति सेकंद. आमच्याकडे फक्त "समीकरण 2, वर्गसमीकरण सोडवणे 2, वेग 2" एवढंच लिहिलेलं आहे.

रंधा:
g 9.8 असतं. 10 घेऊन मुलांना चुकीची सवय लावताय.

लाल_शाई:
रंधा, प्रश्नातच 10 दिलंय, सोडा.
धूळताई, भांडणाचं मूळ "समीकरण 2" इथेच आहे. पोराला योग्य सूत्र सुचलं पण चिन्ह चुकलं तर दोनातले किती? तुम्ही म्हणाल 1, ती म्हणेल 0, आणि लिहिलेल्या योजनेनुसार दोघी बरोबर. म्हणून रीतीचा गुण आणि अचूकतेचा गुण वेगळे करा. माझे सहा असे असते: योग्य संबंध मांडला 1. त्यात किमती चिन्हांसकट बरोबर 1, पण हा पहिला मिळाला असेल तरच. स्वतःच्या समीकरणातून वेळ काढायची रीत 1, आणि 4 आलं व −1 टाकून दिलं याचा 1. स्वतःच्या वेळेवरून वेग काढायची रीत 1, आणि 25 चा 1.
आता वादातले पेपर टाका.

अर्धा_गुण:
म्हणजे माझंच, नावं बदलून.

लाल_शाई:
नाही हो. तुमच्या पद्धतीत एकच गोष्ट पाच ओळींत लिहिणाऱ्याला अडीच मिळतात आणि दोन ओळींत लिहिणाऱ्याला एक. ओळींना गुण नसतात, झालेल्या कामाला असतात.

खडूची_धूळ:
घ्या.
पहिला: 20 = 15t − 5t² लिहिलं. म्हणून t² − 3t + 4 = 0. सूत्रात किमती बरोबर घातल्या, वर्गमुळाखाली 9 − 16 आलं, आणि बिनदिक्कत √7 लिहिलं. t = 2.82, मग v = 15 − 28.2, वेग 13.2. मी 4, ती 1.
दुसरा: 15 चा पत्ताच नाही. 20 = 5t², t = 2, v = gt = 20.
तिसरा: आधी v² = 225 + 400, v = 25. मग (25 + 15) ÷ 10 = 4 सेकंद. वर्गसमीकरण नाही म्हणून मी 2 कापले.
चौथा: नुसतं "4 से., 25". बाकी कोरं.

लाल_शाई:
तिसऱ्याचे 2 आधी परत द्या! त्याने उलटी वाट धरली आणि ती पूर्ण योग्य आहे. तुमच्या योजनेत "वर्गसमीकरण सोडवणे" लिहिलंय, म्हणजे ती तुमच्या स्वतःच्या उत्तराची नक्कल आहे. प्रश्नाने वर्गसमीकरण मागितलेलंच नाही, वेळ मागितलाय.

खडूची_धूळ:
पण मग तुमचीही योजना त्याला बसत नाही. "−1 टाकून दिलं" त्याच्याकडे कुठून येणार? आणि त्याने वेळेवरून वेग काढलाच नाही, वेगावरून वेळ काढला.

लाल_शाई:
खरंय, पकडलंत. "वेळ काढायची रीत", "वेग काढायची रीत" एवढंच ठेवा, क्रम कोणताही चालेल. −1 ची अट ज्याच्याकडे −1 आलं त्यालाच.
पहिल्याला मी 3 देईन. संबंध आहे 1, चिन्ह चुकलं 0. सूत्र लावून वेळ काढायची रीत आहे 1. √7 ही मात्र नवी चूक आहे, पहिलीची सावली नव्हे, म्हणून तिथे 0. वेगाची रीत स्वतःच्या वेळेवर बरोबर लावली 1. 13.2 ला 0.

अर्धा_गुण:
इथे तुम्ही स्वतःलाच छेद देताय. चूक पुढे वाहू द्यायची तर 15 − 28.2 चं उत्तर बरोबर आहे. शेवटचाही गुण द्या, 4 होतात. एका चुकीची शिक्षा किती वेळा?

लाल_शाई:
एकदाच, पण उत्तर शक्य कोटीतलं असेल तर. 15 ने वर फेकलेला चेंडू गच्चीच्या पातळीवर परत येतो तेव्हाच 15 ने खाली जात असतो. त्याखाली आणखी 20 मीटर पडून 13.2? संभाव्यता 1.3 आली तर जसा मी गुण देत नाही, तसंच हे.

अर्धा_गुण:
हे सगळं त्या मुलाला परीक्षेच्या घाईत सुचायला हवं? मी देईन.

रंधा:
खरं तर वर्गमुळाखाली ऋण आलं तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. चेंडू गच्चीच्या वर जेमतेम 11.25 मीटर जातो. त्याच्या समीकरणाने विचारलं, 20 मीटर वर कधी पोचेल? समीकरण म्हणालं, कधीच नाही. याने ऐकलं नाही.

खडूची_धूळ:
वा. आणि दुसरा?

लाल_शाई:
2. संबंध तोच आहे, सुरुवातीचा वेग शून्य धरला, म्हणून पहिला 1 आणि दुसरा 0. वेळेच्या रीतीचा गुण नाही, कारण त्याच्या चुकीने काम सोपं झालं, जे करून दाखवायचं होतं ते उरलंच नाही. वेगाची रीत 1, कारण शून्याची चूक तिथे पुन्हा मोजायची नाही. 20 ला मात्र 0.
चौथ्याबद्दल: पेपरवर "सर्व पायऱ्या दाखवा" छापलं होतं का?

खडूची_धूळ:
नाही.

लाल_शाई:
मग 6. नियम नंतर काढता येत नाही.

अर्धा_गुण:
शेजाऱ्याचं बघून लिहिलंय ते! रीतीला गुण म्हणायचं आणि रीत नसलेल्याला सहापैकी सहा?

लाल_शाई:
बघून लिहिल्याचा संशय असेल तर तो गुणांच्या रकान्यात नको, वेगळा हाताळा.

तक्ता_प्रेमी:
बेरीज आपोआप होते असा तक्ता करा, वेळ वाचतो:

```
=SUM(B2:G2)
```

लाल_शाई:
बेरीज कोणी विचारली नव्हती, पण सहा वेगळे रकाने कामाचे आहेत. धूळताई, दोघींनी तेच 10 पेपर एकमेकींचं न बघता तपासा आणि रकाना रकान्याशी जुळवा. एकूण जुळवू नका. तुमचे 3 आणि तिचे 3 वेगवेगळ्या ठिकाणचे असू शकतात.

खडूची_धूळ:
केलं. नऊ एकूण जुळले, पण त्यातल्या दोघांत रकाने वेगळे. दोन्हीकडे एक फरक आम्ही मिटवला, भांडण उरलं तिसऱ्या रकान्यावर: t² − 3t − 4 = 0 पर्यंत आणून सोडून दिलं, ही "वेळ काढायची रीत" झाली का? मी म्हणते हो, ती म्हणते नाही.

लाल_शाई:
मी तिच्या बाजूने. अवयव पाडायला किंवा सूत्रात किमती घालायला सुरुवात तरी हवी. ते योजनेत शब्दांत लिहा आणि आधी तपासलेले पेपर त्या रकान्यापुरते पुन्हा बघा.

खडूची_धूळ:
पुन्हा?! चाळीस झालेत.

आठवीतली_आई:
अर्जाचं कोणीच सांगितलं नाही.